दुखत नाही म्हणून निर्धास्त?

“मानेतली गाठ दुखत नाही, रक्तपेशी मोजणारी सीबीसी तपासणीही नॉर्मल. मग कॅन्सर नाहीच ना?”

तसं ठरवता येत नाही. ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर अस्थिमज्जेत सुरू होतो, म्हणून तो बहुधा रक्ततपासणीत दिसतो. लिम्फोमा हा कॅन्सर मात्र बहुधा लसीकाग्रंथीत वाढतो आणि रक्त नॉर्मल राहू शकतं.

दाढ किडली की जबड्याखालची लसीकाग्रंथी जंतूंशी लढायला पेशी भराभर वाढवते. तिचं आवरण ताणतं, म्हणून ती दुखते. संसर्ग ओसरला की काही आठवड्यांत बसते. लिम्फोमात एकाच बिघडलेल्या पेशीची पिलावळ बहुधा हळूहळू साठते. गाठ रबरासारखी लागते, सहसा दुखत नाही. (आपल्याकडची टीबीची गाठही अशीच फसवते.)

चार आठवड्यांनंतरही टिकलेली किंवा गळपट्टीच्या हाडावरची गाठ डॉक्टरांना दाखवा. लिम्फोमाच्या शंकेत नुसता सुईने काढलेला नमुना अनेकदा अपुरा पडतो; शक्यतो अख्खी ग्रंथी काढून तपासतात.