जीआर/आयआर खाते महिनाअखेरीस मिटवणे: कोणत्या नोंदी पात्र, कोणती कागदपत्रे लागतात, क्रम काय

ही माहिती सॅप वापरणाऱ्या लेखा विभागांसाठी आहे. माल आला की स्टोअर मालपावतीची नोंद करते आणि तेवढी रक्कम जीआर/आयआर खात्यात जमा पडते. बिल आले की अकाउंट्स ते ऑर्डरवर चढवते आणि तेच खाते नावे पडते. ऑर्डरच्या एका ओळीवर जितका माल आला तितक्याचेच बिल आले, तर त्या ओळीची शिल्लक शून्य होते. महिनाअखेरीचे काम म्हणजे शून्य झालेल्या ओळी मिटवणे आणि न झालेल्यांचे कारण शोधणे.

शिल्लक उरते ती बहुधा नगांमुळे

ऑर्डरची ओळ 10, 100 नग, दर 500. पूर्ण माल आला, खात्यात 50,000 जमा. बिल 100 नगांचेच पण 520 दराने आले, तर पुरवठादाराला 52,000 जमा होतात, मात्र जीआर/आयआर खात्यात 50,000 च नावे पडतात. वरचे 2,000 स्टॉकच्या किमतीत किंवा दरफरक खात्यात जातात. म्हणजे माल आधी आणि बिल नंतर आले असेल तर दराची तफावत या खात्यात मुक्काम करत नाही.

आता बिल 500 दरानेच पण 90 नगांचे आले असे धरा. 45,000 नावे पडले, 5,000 जमा उरले. म्हणून जुनी शिल्लक समोर आली की दराच्या आधी नग मोजावेत. इथे प्रश्न एकच असतो: उरलेल्या 10 नगांचे काय झाले? बिल यायचे बाकी आहे, की माल परत पाठवला पण परतीची नोंद राहिली, की स्टोअरने 90 ऐवजी 100 लिहिले? तिन्हींची उत्तरे वेगळी आणि दुरुस्त्याही वेगळ्या.

महिनाअखेरीचा क्रम

आधी पार्क करून ठेवलेली बिले पाहा. पार्क केलेले बिल खात्यात उतरत नाही, त्यामुळे ती ओळ उघडीच दिसते आणि आपण विनाकारण पुरवठादाराच्या मागे लागतो. पेमेंटसाठी ब्लॉक झालेल्या बिलाचे तसे नाही. ते पोस्ट झालेले असते आणि जीआर/आयआरमध्ये नावेही पडलेले असते, फक्त पैसे जात नाहीत.

नंतर `F.13` आधी चाचणी म्हणून आणि मग प्रत्यक्ष चालवा. क्लिअरिंगची तारीख त्या महिन्याची शेवटची ठेवा. हा प्रोग्राम ऑर्डर क्रमांक आणि ओळ क्रमांक सारखा असलेल्या नोंदींचा गट करतो आणि गटाची बेरीज शून्य आली तरच मिटवतो. कोणत्या फील्डवर गट करायचा हे `OB74` मध्ये ठरलेले असते. शून्य झालेल्या ओळी तरीही मिटत नसतील तर तिथली सेटिंग आणि नोंदींवरचे असाइनमेंट फील्ड तपासा. कुणी हाताने नोंद करताना ते रिकामे ठेवले असेल, तर ती नोंद कोणत्याच गटात बसत नाही.

त्यानंतर `MB5S` ची यादी काढून तिची बेरीज खात्याच्या शिल्लकेशी ताडा. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी. `MB5S` ऑर्डरचा इतिहास वाचतो, खाते मात्र लेजरमध्ये असते. दोन्हींत फरक असेल तर कुणीतरी ऑर्डरला हात न लावता थेट खात्यात जर्नल केले आहे असे बहुतेक वेळा निघते. हे खाते फक्त आपोआप पोस्टिंगसाठी खुले ठेवले तर हा त्रास मुळातच होत नाही.

शेवटी ताळेबंदासाठी `F.19`. माल आला पण बिल नाही ते देण्यात दिसते, बिल आले पण माल नाही ते येण्यात. ही केवळ वर्गवारी आहे. पुढच्या महिन्यात ती उलटते आणि उघडी नोंद उघडीच राहते. `F.19` चालवले म्हणजे खाते मिटले, असा समज ठेवू नये.

चुकीच्या ओळीवर पडलेले बिल

जुन्या नोंदींत हा प्रकार हटकून सापडतो. एकाच वस्तूच्या दोन ओळी आहेत, वेगवेगळ्या तारखांच्या, दर दोन्हीकडे 500. स्टोअरने 36 नग ओळ 10 वर घेतले, बिल मात्र ओळ 20 वर चढले. ओळ 10 वर 18,000 जमा उघडे, ओळ 20 वर 18,000 नावे उघडे. ओळ क्रमांक वेगळा असल्याने `F.13` दोन्हींकडे बघतही नाही.

इथे `F-03` ने दोन्ही नोंदी निवडून एकमेकींत मिटवण्याचा मोह होतो. तसे केले की खाते स्वच्छ दिसते, पण ऑर्डरच्या इतिहासात ओळ 10 वर 36 नग बिलाविना आणि ओळ 20 वर 36 नग मालाविना तसेच राहतात. काही महिन्यांनी कुणी उरलेली शिल्लक काढून टाकायला `MR11` चालवतो. `MR11` खात्यातल्या उघड्या नोंदी पाहत नाही, तो ऑर्डरचा इतिहास पाहतो. चालवणाऱ्याने निवडताना फक्त जास्तीच्या मालाचा पर्याय घेतला असेल तर ओळ 10 साठी जीआर/आयआर 18,000 नावे आणि समोर स्टॉक किंवा दरफरक जमा असे पोस्टिंग होते. खात्यात खोटी नावे शिल्लक येते आणि खर्च किंवा स्टॉकची किंमत 18,000 ने कमी दिसते.

बरोबर मार्ग असा: `MR8M` ने बिल रद्द करा, मग `MIRO` मध्ये तेच बिल ओळ 10 वर पुन्हा चढवा. पुरवठादाराच्या खात्यात मूळ बिल आणि रद्दनोंद दोन्ही राहतात, ती तिथे एकमेकींत मिटवा. बिलाचे पैसे आधीच गेले असतील तर रद्दनोंद नव्या बिलासमोर लावा. आता दोन्ही ओळी शून्य होतात आणि पुढच्या `F.13` मध्ये आपोआप मिटतात. मालपावती उलटवून दुसऱ्या ओळीवर घेण्याचा मार्गही आहे, पण माल वापरला गेला असेल तर स्टॉक अपुरा पडून तो अडतो. म्हणून बिलाच्या बाजूने दुरुस्ती सोपी.

जुन्या नोंदींचा पाठपुरावा

वय मोजताना मालपावतीची किंवा बिलाची तारीख घ्या, महिनाअखेरीची नको. मग यादीचे दोन भाग करा. जमा शिल्लक म्हणजे माल आला, बिल नाही. हा प्रश्न पुरवठादाराला आणि स्टोअरला. नावे शिल्लक म्हणजे बिल आले, माल नाही, किंवा बिलानंतर माल परत गेला आणि क्रेडिट नोट आली नाही. नावे शिल्लक आधी हाती घ्या, कारण तिथे पैसे बहुधा गेलेले असतात.

पुरवठादाराला "आपली बिले प्रलंबित आहेत" असे मोघम पत्र पाठवले तर उत्तर येत नाही. ऑर्डर क्रमांक, ओळ, त्यांचा डिलिव्हरी चलन क्रमांक आणि तारीख, मिळालेले नग, बिल झालेले नग आणि उरलेले नग एवढे लिहा. "या 10 नगांचे बिल काढले आहे का? असल्यास प्रत पाठवा, नसल्यास काढणार आहात का ते लेखी कळवा" असा थेट प्रश्न विचारा. सोबत त्यांच्या वहीतला आपल्या खात्याचा उतारा मागवा. त्यात बिल दिसत असेल तर ते आपल्याच कार्यालयात कुठेतरी अडकले आहे.

निर्लेखनासाठी पात्रता

`MR11` ने शिल्लक काढून टाकण्यास तीच नोंद पात्र धरावी जिच्या दोन्ही बाजूंची हालचाल संपली आहे: आणखी माल येणार नाही आणि आणखी बिलही येणार नाही. नोंद जुनी आहे एवढे कारण पुरेसे नाही. माल मिळालेला आणि वापरलेला असेल तर पुरवठादाराचे देणे बिल न आल्याने संपत नाही. अशी मोठी रक्कम काढण्याआधी कायदेशीर मत घ्यावे. किती दिवस आणि कितीपर्यंतची रक्कम कोणाच्या सहीने, हे संस्थेच्या धोरणात लिहिलेले असावे.

अर्जासोबत ऑर्डरची शेवटच्या दुरुस्तीसह प्रत, मालपावती आणि चलन, आलेली सर्व बिले, परतीचे चलन असल्यास ते, पुरवठादाराचे लेखी उत्तर किंवा खाते उतारा, आणि खरेदी विभागाची "पुढे काही बाकी नाही" अशी सही जोडावी. पुरवठादार उत्तरच देत नसेल तर पाठवलेल्या पत्रांच्या तारखा जोडा. यादी बनवणारा आणि मंजुरी देणारा एकच माणूस नसावा. अर्जात प्रत्येक ओळीसाठी एक वाक्य कारणाचे हवे. "जुनी नोंद" हे कारण परत पाठवावे.

`MR11` चालवताना

आधी फक्त यादी काढा, पोस्टिंग नको. शेवटच्या हालचालीची तारीख घालून ताज्या ओळी बाहेर ठेवा. यादीत आलेल्या सगळ्या ओळींवर खूण करू नका. मंजूर यादीतल्या तेवढ्याच निवडा. रक्कम कुठे जाते ते वस्तूवर अवलंबून आहे: प्रमाण दराच्या वस्तूंत दरफरक खात्यात, सरासरी दराच्या वस्तूंत पुरेसा स्टॉक असेल तर स्टॉकच्या किमतीत, आणि खर्चकेंद्रावर किंवा प्रकल्पावर काढलेल्या ऑर्डरींत त्याच केंद्रावर. शेवटच्या प्रकारात त्या विभागाला आधी कळवा, नाहीतर खर्चात अचानक बदल दिसून महिनाभर विचारणा होत राहते.

पोस्टिंगनंतर ऑर्डरच्या ओळीवर डिलिव्हरी पूर्ण आणि अंतिम बिल अशा दोन्ही खुणा करून घ्या. पुन्हा `F.13` चालवा म्हणजे मूळ नोंद आणि `MR11` ची नोंद एकत्र मिटतील.

एवढे करूनही कधी कधी बिल उशिरा येतेच. अशा वेळी ते सरळ `MIRO` मध्ये चढवू नका, कारण ओळ आधीच भरलेली असल्याने नवी नावे शिल्लक तयार होईल. `MR11SHOW` मधून `MR11` चा दस्तऐवज रद्द करा, मग बिल चढवा, आणि निर्लेखनाच्या फाइलला त्या बिलाची प्रत व रद्द दस्तऐवजाचा क्रमांक जोडा.