अफूची वेदनाशामकं, गांजा, नशेचे पदार्थ आणि कामेच्छा-ताठरता

इच्छा होणं आणि लिंग ताठर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पदार्थांचा परिणाम समजून घ्यायचा तर आधी ही फोड करावी लागते. इच्छा मेंदूत तयार होते, तिला टेस्टोस्टेरॉन आणि डोपामिन लागतं. ताठरता हा शेवटी रक्ताचा मामला आहे: मज्जातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, लिंगातले स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि तिथेच अडकतं. कोकेन, मेथसारखे पदार्थ या दुसऱ्या टप्प्यावर घाव घालतात. अफूच्या कुळातली वेदनाशामकं मात्र मुळालाच हात घालतात, आणि गंमत म्हणजे सगळ्यात कमी बोललं जातं ते त्यांच्याबद्दलच, कारण ती डॉक्टरांनी लिहून दिलेली असतात.

मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल, मेथाडोन, ट्रामाडोल ही सगळी या कुळातली, अर्थात जोर कमीजास्त. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग ठराविक अंतराने जीएनआरएच हे हार्मोन थेंबाथेंबाने सोडतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच सोडते, आणि एलएचच्या हुकमावर वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवतात. अफूची औषधं पहिलाच थेंब अडवतात. म्हणजे वृषणं धडधाकट असतात पण वरून ऑर्डरच येत नाही. शिवाय प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोनही वाढू शकतं, तेही इच्छा मारतं. बायकांमध्येही हाच नळ बंद होतो, तिथे तो पाळी अनियमित होण्यात किंवा थांबण्यात दिसतो.

एखादा डोस घेतला तर टेस्टोस्टेरॉन काही तासांत खाली येतं आणि औषध उतरलं की परत वर चढतं, त्यामुळे ऑपरेशननंतर चार दिवस गोळ्या घेतलेल्याला काही फरक जाणवत नाही. प्रश्न येतो तो महिनोन्महिने घेणाऱ्याला, त्यातही चोवीस तास अंगात राहणारं औषध असेल तर, म्हणजे मेथाडोन, फेंटानिलचा पॅच किंवा हळूहळू सुटणारं मॉर्फिन, कारण मग नळ पुन्हा उघडायला वेळच मिळत नाही. याच कुळातल्या ब्युप्रेनॉर्फिनने हा त्रास मेथाडोनपेक्षा कमी होतो.

एक नमुना केस घेऊ. ४४ वर्षांचा माणूस, कंबरेचं दुखणं, दोन वर्षं रोज हळू सुटणारं मॉर्फिन. तो डॉक्टरकडे जातो आणि म्हणतो, "ताठरता येत नाही, गोळी द्या." सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिळतं. दोनदा घेतो, फार काही होत नाही, मग तो समजतो की गोळीच बोगस. खरं म्हणजे सिल्डेनाफिल स्वतः ताठरता आणत नाही, ते फक्त नायट्रिक ऑक्साइडने सुरू केलेला सिग्नल लवकर विझू देत नाही. इथे मुळात इच्छाच नाही, त्यामुळे सिग्नल निघतच नाही, मग टिकवायचं काय?

या माणसाला नीट विचारलं तर वेगळंच चित्र निघतं. सकाळी आपोआप येणारी ताठरता कधी बंद झाली ते त्याला आठवत नाही, सेक्सचा विचारच महिनाभर आलेला नाही, दाढी पूर्वीइतकी वाढत नाही, दुपारी गळून गेल्यासारखं होतं, मूड पडलेला. त्याला वाटतं की हे दुखण्यामुळे, वयामुळे, टेन्शनमुळे. इच्छा गेली की तिची उणीवही वाटेनाशी होते, ही या प्रकारातली खरी मेख, त्यामुळे तक्रार बऱ्याचदा बायकोच आधी करते. मनाचं टेन्शन हेच कारण असेल तर सकाळची किंवा झोपेतली ताठरता सहसा शाबूत राहते आणि जोडीदारासमोरच घोळ होतो; इथे तीही गेलेली असते.

तपासणी सोपी आहे पण वेळ पाळावी लागते. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, म्हणून रक्त सकाळी ८ ते १० च्या दरम्यान, शक्यतो उपाशीपोटी द्यायचं, आणि वेगळ्या दिवशी परत एकदा. समजा याचा आकडा पहिल्यांदा १९० आणि दुसऱ्यांदा २०५ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आला (३०० च्या खाली कमी समजतात, लॅबनुसार थोडा फरक पडतो). आता एलएच बघायचं. वृषणं खराब असती तर पिट्युटरी ओरडून ओरडून एलएच वाढवून बसली असती. इथे एलएच कमी किंवा 'नॉर्मल' दिसतं, आणि टेस्टोस्टेरॉन पडलेलं असताना नॉर्मल एलएच म्हणजे पिट्युटरी गप्प बसली आहे असाच अर्थ. प्रोलॅक्टिन फारच वाढलेलं असेल तर मात्र गोळ्यांवर खापर फोडून मोकळं होऊ नये, पिट्युटरीत गाठ आहे का ते बघावं लागतं.

उपाय म्हणजे औषध कमी करणं, पण एकदम बंद नाही. दीर्घकाळ घेणाऱ्याने अचानक तोडलं तर घाम, जुलाब, अंग मोडून येणं, झोप उडणं सुरू होतं, आणि आधी सुस्त पडलेली यंत्रणा इतकी उसळते की हात न लावता वीर्यपतन झाल्याच्या तक्रारीही येतात. म्हणून डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यांत, महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. ते जमत नसेल तर औषध बदलतात किंवा टेस्टोस्टेरॉन बाहेरून देतात. बाहेरून दिलं की शुक्राणू बनणं दबतं, त्यामुळे ज्याला मूल हवंय त्याने हे आधीच सांगायला हवं.

ट्रामाडोलचा आणखी एक वेगळा उपद्व्याप आहे. ते सेरोटोनिनही वाढवतं आणि त्यामुळे वीर्यपतन लांबतं, म्हणून शीघ्रपतनावर 'टायमिंगची गोळी' म्हणून लोक ते स्वतःच्या मनाने घेतात. टायमिंग वाढतं खरं. पण रोज घेतली की सवय लागते, जास्त डोसला फिट येऊ शकते, आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊन ताप, थरथर, गोंधळ सुरू होतो.

गांजाचं गणित असं सरळ नाही. थोडा घेतला तर स्पर्श जास्त जाणवतो, वेळ लांबल्यासारखा वाटतो, संकोच जातो, म्हणून बरेच जण तो छानच म्हणतात. जास्त झाला की झोप, घाबरटपणा, लक्ष उडणं. टेस्टोस्टेरॉनवर काय होतं याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे 'गांजाने नपुंसकत्व येतं' आणि 'काहीच होत नाही' ही दोन्ही विधानं जरा जोरातच केलेली असतात. तंबाखूत मिसळून ओढणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांचं नुकसान तंबाखू करतेच, ते वेगळं.

कोकेन आणि मेथमध्ये डोपामिन वाढल्यामुळे इच्छा भडकते पण त्याच वेळी नॉरअॅड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे मन पुढे धावतं आणि लिंग मागे राहतं. एमडीएमए म्हणजे एक्स्टसीत जवळीक खूप वाटते, ताठरता आणि कळस दोन्ही अवघड होतात. यावर उपाय म्हणून लोक सिल्डेनाफिल घेतात, आणि सोबत 'पॉपर्स' म्हणजे हुंगायचे नायट्राइट असतील तर रक्तदाब धाडकन कोसळून जीव जाऊ शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि त्याच प्रकारच्या टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट-नायट्राइट काहीही घ्यायचं नसतं, छातीत दुखून इमर्जन्सीत गेलात तर तिथे लाज न बाळगता काय घेतलंय ते सांगायचं, कारण छातीदुखीवर जिभेखाली देतात ती गोळी नायट्रेटचीच असते.