इंग्लंडमधलं डायबेटिक आय स्क्रीनिंग: कोणाला मिळतं, सोबत काय न्यायचं आणि फोटोवर R1M0 कसं ठरतं

इकडच्या आपल्या मराठी मंडळींकडून मला एक प्रश्न कायम येतो, की डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायला बोलावलंय, अर्ज कुठे भरायचा आणि कागदपत्रं काय लागतात. मी हेच फोटो ग्रेड करायचं काम करते म्हणून नीट लिहिते, आणि हे फक्त इंग्लंडमधल्या एनएचएसच्या प्रोग्रामबद्दल आहे.

अर्ज भरायचाच नसतो. तुम्ही जीपीकडे रजिस्टर असाल, वय १२ किंवा जास्त असेल आणि रेकॉर्डला डायबेटिस असेल, टाइप १ असो वा टाइप २, तर नाव आपोआप स्क्रीनिंगच्या यादीत जातं आणि पत्र घरी येतं. प्री-डायबेटिस असेल किंवा फक्त प्रेग्नन्सीपुरती शुगर वाढलेली असेल तर या यादीत नाव येत नाही, पण आधीपासून डायबेटिस असलेल्या बाईला प्रेग्नन्सीत उलट जास्त वेळा बोलावतात. डोळ्यांच्या हॉस्पिटलात रेटिनोपॅथीची, म्हणजे डायबेटिसमुळे पडद्याला झालेल्या नुकसानाची, ट्रीटमेंट चालूच असेल तर तेवढ्यापुरतं स्क्रीनिंग थांबतं. आणि वजन उतरवून शुगर नॉर्मल आली असेल तर जीपीकडे "रेमिशन" अशीच नोंद आहे ना ते विचारा, कारण डायबेटिस संपला अशी नोंद झाली तर यादीतून नाव गळू शकतं आणि पडद्यावर आधी झालेलं नुकसान साखर उतरली म्हणून लगेच पुसलं जात नाही.

आता सोबत काय न्यायचं. पत्र, औषधांची यादी, येताना घालायला गॉगल, लेन्स वापरत असाल तर त्यांचं सोल्यूशन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमचे चष्मे, लांबचा आणि जवळचा दोन्ही. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवत जायचं नाही. चष्म्यावर मी एवढा जोर का देतेय ते ग्रेडिंग कळलं की कळेल, कारण चष्मा विसरल्यामुळे तुमचा ग्रेड खरंच बदलू शकतो.

प्रत्येक डोळ्याचे दोन फोटो काढतात, एक मॅक्युला मध्यभागी धरून आणि दुसरा ऑप्टिक डिस्क मध्यभागी धरून. मॅक्युला म्हणजे बारीक बघायची जागा, तिच्या मधोमध फोविया, आणि डिस्क म्हणजे डोळ्याची नस पडद्याला येऊन मिळते ती गोल जागा. मी फोटो उघडला की आधी तो वाचण्यालायक आहे का ते बघते, म्हणजे फोवियाजवळच्या बारीक रक्तवाहिन्या स्वच्छ दिसतायत का. मोतीबिंदूमुळे दिसत नसतील तर ग्रेड देता येत नाही, मग पेशंटला स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा थेट बघायच्या मायक्रोस्कोपवर, तपासायला पाठवतात.

मग लाल रंग काढून टाकणारा फिल्टर लावते, त्यात लाल गोष्टी फिकट पार्श्वभूमीवर काळ्या उठून दिसतात. मायक्रोअ‍ॅन्युरिझम म्हणजे केशवाहिनीच्या भिंतीला आलेला छोटा फुगवटा, फोटोत तो कडा स्पष्ट असलेला बारीक गोल ठिपका दिसतो. हॅमरेज म्हणजे बाहेर सांडलेलं रक्त, ते मोठं असतं, कधी डागासारखं तर कधी ज्योतीसारखं लांबट. अगदी लहान हॅमरेज आणि मायक्रोअ‍ॅन्युरिझम फोटोवरून वेगळे सांगता येत नाहीत, पण ग्रेडला त्याने फरक पडत नाही, दोन्ही R1, म्हणजे सुरुवातीच्या ग्रेडमध्येच. हार्ड एक्झुडेट मात्र पिवळसर, मेणचट, धारदार कडांचे असतात, गळक्या वाहिनीतून झिरपलेली चरबी साचून होतात आणि बऱ्याचदा गळतीच्या भोवती अर्धगोल करतात.

फसवणारे प्रकार बरेच. वयामुळे येणारे ड्रुसेनही पिवळेच, पण त्यांच्या कडा मऊ असतात आणि आसपास लाल ठिपके नसतात. कॅमेऱ्याच्या लेन्सवरची धूळ तर हुबेहूब ठिपक्यासारखी दिसते, तिथे दोन फोटो कामाला येतात: खरा ठिपका आपल्या रक्तवाहिनीशेजारीच राहतो, म्हणजे दुसऱ्या फोटोत वाहिनीबरोबर सरकतो, आणि धूळ मात्र चौकटीत त्याच जागी बसलेली असते, पुढच्या पेशंटच्या फोटोतसुद्धा.

ग्रेडचे दोन भाग. R म्हणजे एकंदर पडदा: R0 काही नाही, R1 सुरुवातीची लक्षणं, R2 म्हणजे रक्ताचे मोठे डाग बरेच किंवा शिरा मण्यांसारख्या फुगलेल्या वगैरे, आणि R3 मध्ये नव्या नाजूक वाहिन्या फुटलेल्या. M म्हणजे मॅक्युला, M0 म्हणजे तिथे काळजीचं काही नाही आणि M1 म्हणजे आहे, आणि M ठरतो तो लक्षण कुठे आहे त्यावरून. मोजमापासाठी डिस्कचा व्यास धरतात, तो साधारण दीड मिलिमीटर. फोवियाच्या मध्यापासून एका व्यासाच्या आत एक जरी एक्झुडेट असला तरी M1, नजर कितीही चांगली असो. पण तेवढ्याच अंतरात मायक्रोअ‍ॅन्युरिझम किंवा हॅमरेज असेल तर M1 तेव्हाच, जेव्हा त्या डोळ्याची चष्म्यासकटची सर्वोत्तम नजर ६/१२ किंवा त्याहून वाईट असेल. याचं कारण असं की साधा फोटो सपाट असतो, मॅक्युलाला सूज आलीय का ते त्यात दिसत नाही, म्हणून एक्झुडेट किंवा कमी झालेली नजर ही सुजेची खूण धरतात.

एक उदाहरण घेऊ. समजा ५४ वर्षांच्या काकू आहेत, उजव्या डोळ्यात वरच्या वाहिनीजवळ एक हॅमरेज आणि फोवियापासून पाऊण व्यासावर एक मायक्रोअ‍ॅन्युरिझम. काकू चष्मा घरी विसरल्या, तक्त्यावर ६/१८ वाचलं. एवढंच लिहून पुढे पाठवलं असतं तर तो ठिपका M1 झाला असता आणि घरात सगळ्यांना घोर लागला असता. पण स्क्रीनरने पिनहोल, म्हणजे बारीक भोकं असलेली पट्टी, डोळ्यापुढे लावून परत वाचायला सांगितलं, ६/९ आलं, म्हणजे नजर नंबरमुळे कमी होती, आणि ग्रेड R1M0. पिनहोलमधून सगळ्यांना नीट वाचता येत नाही, विशेषतः वय झालेल्यांना, म्हणून चष्मा. आता डाव्या डोळ्यात सव्वा व्यासावर एक छोटा एक्झुडेट आहे आणि शेजारी लाल ठिपके, तर तोही R1M0, कारण एका व्यासाच्या रेषेच्या बाहेर. हाच आत सरकलेला असता तर चष्मा असो नसो, M1.

माझा एकटीचा शब्द शेवटचा नसतो. काहीही लक्षण सापडलं की दुसरा ग्रेडर फोटो बघतो, मत जुळलं नाही तर तिसरा वरिष्ठ ठरवतो, आणि स्वच्छ वाटलेल्या फोटोंपैकीही १०% परत तपासतात. पत्र साधारण तीन आठवड्यांत येतं. R1M0 ला दरवर्षी बोलावतात. लागोपाठ दोनदा दोन्ही डोळे R0M0 आले तर दोन वर्षांनी, हे ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, त्यामुळे दोन वर्षांनी बोलावलं म्हणून विसरले असं समजू नका. M1 आला तर पडद्याच्या थरांची जाडी दाखवणारा ओसीटी स्कॅन करून खरंच सूज आहे का ते बघतात, बऱ्याच जणांना नसते. R3 नवीन असेल तर तातडीने हॉस्पिटल. आणि अचानक काळे तंतू तरंगायला लागले किंवा नजरेसमोर पडदा आल्यासारखं वाटलं तर स्क्रीनिंगच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

भारतातून येताना डोळ्यांचा रिपोर्ट असेल तर तोही घेऊन या. तिथे माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर असं लिहितात आणि ते इथल्या R शी एकास एक जुळत नाही, मॉडरेट लिहिलेला डोळा इथे R1 मध्येही बसू शकतो, त्यामुळे आजार कमी झाला असा अर्थ काढू नका. लेसर झालं असेल तर कुठल्या डोळ्याला आणि कधी, ते आवर्जून सांगा, कारण लेसरच्या खुणा फोटोत दिसतात पण त्या कधीच्या आहेत ते फोटो सांगत नाही.