उपवासाची पिठे: शिंगाडा आणि कुट्टू (कोकण किनारा)

शिंगाडा आणि कुट्टू ही उपवासाला चालणारी दोन पिठे. शिंगाडा हे तळ्यात वाढणाऱ्या पाणवनस्पतीचे फळ असून महाराष्ट्रात भंडारा आणि गोंदिया भागातील तलावांत त्याची शेती होते. कुट्टू हे हिमालयाच्या डोंगराळ पट्ट्यातले पीक. त्याची बी तिकोनी असते आणि ते गवतकुळातले नसल्यामुळे धान्यांत मोडत नाही, म्हणून उपवासाला चालते. कोकणात शिंगाड्याचा शिरा, लापशी आणि थालीपीठ पूर्वीपासून परिचित आहे. कुट्टू मात्र इथे नवखा असून उत्तर भारतीय वस्त्यांतून आणि मोठ्या दुकानांतून तो आला. या दोन्ही पिठांचा इथल्या बाजारातला माल दूरवरून येतो, आणि त्यांची मागणी वाढते ती आषाढी, श्रावण आणि नवरात्र या काळात, म्हणजे हवेत ओल असताना.

या पिठांमुळे झालेल्या विषबाधांच्या बातम्या मुख्यतः उत्तर भारतातल्या आहेत. एप्रिल 2011 मध्ये चैत्र नवरात्रात दिल्ली आणि आसपास कुट्टूचे पदार्थ खाऊन शेकडो लोक आजारी पडले. 2025 च्या चैत्र नवरात्रात देहरादूनमध्ये आणि त्याच वर्षीच्या शारदीय नवरात्रात दिल्लीच्या जहांगीरपुरीत तसेच घडले. अशा वेळी ‘भेसळ’ हा शब्द लगेच वापरला जातो, पण त्यातून फारसे काही कळत नाही. पीठ बाधण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा असतो.

कुट्टूच्या बाबतीत नेमके ओळखता येणारे एक कारण म्हणजे धोतरा. धोतरा हे शेतातले तण आहे. कुट्टूच्या कापणीत त्याची बोंडे सोबत आली आणि आकार जवळपास सारखा असल्यामुळे त्यांतल्या बिया चाळणीतून निसटल्या, तर त्या कुट्टूबरोबरच दळल्या जातात. 2003 मध्ये स्लोव्हेनियात कुट्टूच्या पिठातून अशीच बाधा झाली होती. श्रावणी सोमवारी शंकराला धोतऱ्याचे फळ वाहणाऱ्या कोकणी माणसाला त्याचे विष सांगावे लागत नाही. पण दळून झालेल्या पिठात ते डोळ्यांना दिसत नाही, आणि तळल्या-भाजल्याने जातही नाही.

आता एक कल्पित प्रसंग पाहू. रत्नागिरीजवळच्या एका घरात नवरात्रात पाच जणांनी दुपारी एक वाजता कुट्टूच्या पुऱ्या खाल्ल्या. दोन वाजेपर्यंत तिघांच्या तोंडाला कोरड पडली आणि जवळचे अक्षर धूसर दिसू लागले. तीन वाजता आजोबांची बडबड असंबद्ध झाली. त्यांची कातडी गरम पण घामाशिवाय कोरडी होती, छाती धडधडत होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. लघवी होत नसल्याची तक्रारही होती. हे चित्र धोतऱ्याचे आहे. त्याच पुऱ्या सकाळपासून झाकून ठेवल्या असत्या आणि जिवाणूंच्या विषाने बाधा झाली असती, तर त्यांना मळमळ, वारंवार उलट्या, पोटात मुरडा आणि जुलाब झाले असते. तोंडाला पाणी सुटले असते आणि घाम आला असता. दोन्हींत लक्षणे एक ते सहा तासांत सुरू होऊ शकतात, म्हणून नुसत्या वेळेवरून भेद कळत नाही. कोरडेपणा आणि मोठ्या बाहुल्या ही खूण अधिक भरवशाची. याउलट बाहुल्या अगदी बारीक आणि तोंडातून लाळ गळत असेल, तर कीटकनाशकाचा संशय घ्यावा. पीठ फवारणीच्या औषधांशेजारी साठवले असेल तर हे शक्य असते. चक्कर आणि हातपाय थरथरणे ही लक्षणे बुरशी आलेल्या भगरीतही दिसतात, त्यामुळे त्या दिवशी भगर खाल्ली होती का, हेही डॉक्टरांना सांगावे.

अशा रुग्णाला घरी उलटी करवू नये, मीठपाणी पाजू नये. शुद्ध हरपत असेल तर ते श्वासनलिकेत जाते. 108 ला फोन करून रुग्णालयात न्यावे. सोबत उरलेले पीठ, शिजलेला पदार्थ आणि पाकीट घ्यावे. पाकिटावरचा बॅच क्रमांक मिळाला तर अन्न व औषध प्रशासनाला तोच माल इतर दुकानांतून शोधता येतो. सुट्या पिठात हे जमत नाही. कुट्टूची ॲलर्जीही होते, आणि ती गंभीर असू शकते. पहिल्यांदाच खाणाऱ्याला अंगावर गांधी उठून ओठ सुजले, तर तो दोष पिठाचा नसतो, पण धाव मात्र तीच घ्यावी लागते.

कोकणातला रोजचा धोका मात्र धोतऱ्याइतका नाट्यमय नाही. तो ओलीचा आहे. पावसाळी हवेत उघडे पीठ आर्द्रता ओढून घेते, आणि पिठातला ओलावा 13 टक्क्यांच्या वर गेला की बुरशी वाढायला लागते. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते भाजल्याने नाहीसे होत नाही आणि थोड्या प्रमाणात असले तर लगेच त्रासही देत नाही; वारंवार पोटात जात राहिले तर यकृताला अपाय करते. शिवाय कुट्टूत चरबी असल्यामुळे दळल्यावर ते लवकर खवट होते. त्याची मूळची चव किंचित कडसर असल्याने नवख्याला खवटपणा कळत नाही, ही अडचण कोकणात जास्त आहे. श्रावणासाठी भरलेला माल दुकानात नवरात्रापर्यंत आणि तिथून महाशिवरात्रीपर्यंत उरतो. सवलतीत मिळणारे पीठ बहुधा यातलेच असते, तेव्हा स्वस्त पाहून घेऊ नये.

पीठ घेताना पाकिटावर 14 अंकी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक आणि दळल्याची किंवा पाकीटबंद केल्याची तारीख पाहावी. अलीकडची तारीख असलेले छोटे पाकीट मोठ्या किफायती पाकिटापेक्षा बरे. शिंगाडा पिठात स्वस्त मैदा किंवा मक्याचे पीठ मिसळले जाते. ते घरी नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याचे खात्रीशीर तंत्र नाही. खरा उपाय म्हणजे वाळलेले अख्खे शिंगाडे घेणे. त्यांवर काळे-हिरवट डाग, भोके किंवा कुबट वास असेल तर ते टाकावे. कुट्टूही अख्खा मिळाला तर ताटात पसरून निवडावा: तिकोनी दाणा आपला, चपटा आणि मूत्रपिंडासारखा दाणा धोतऱ्याचा, तो वेगळा काढावा. निवडून झाले की उपवासाचे दळण चक्कीवर वेगळ्या वेळी करून घ्यावे. आधी गहू दळलेला असेल तर पहिले मूठभर पीठ बाजूला काढायला सांगावे. यात उपवास मोडण्याचा प्रश्न आहेच, पण जात्यात अडकलेले जुने, खवट पीठही त्यात निघते.

आणलेले पीठ कोरड्या हवाबंद डब्यात ठेवावे, नवे पीठ जुन्यावर ओतू नये, ओला चमचा घालू नये. कुट्टूचे पीठ हवाबंद पिशवीत फ्रिजमध्ये ठेवणे उत्तम. मात्र बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी, नाहीतर आत दव धरते. पिठात जाळी, गुठळ्या किंवा रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास आला, तर चाळून वापरू नये, सगळे फेकावे. शिजलेला शिरा किंवा लापशी उन्हापावसाच्या दमट हवेत दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. मंदिरातल्या प्रसादाचे पातेले दुपारपासून रात्रीच्या आरतीपर्यंत तसेच राहते. नंतर ते उकळवले तरी जिवाणूंनी तयार केलेले काही विष तसेच राहते.