रविवारी रात्री झोप का येत नाही?

एका नोकरदार माणसाची आठवडाभराची झोप कागदावर मांडून पाहू. सोमवार ते शुक्रवार तो रात्री 11 वाजता झोपतो आणि सकाळी 6:30 ला गजर लावून उठतो. शनिवारी रात्री मात्र गप्पा, सिनेमा, मोबाइल यांत दीड वाजतो आणि रविवारी तो 10 ला उठतो. दुपारी जेवून आणखी दोन तास ताणून देतो. मग सोमवारी लवकर उठायचंय म्हणून रविवारी रात्री शहाण्यासारखा 10 वाजताच दिवे मालवतो आणि साडेबारापर्यंत तळमळत राहतो. कामाच्या विचारांनी झोप उडाली, असं तो समजतो. काही वेळा ते खरंही असतं, पण या माणसाला सोमवारची अजिबात धास्ती नसती, तरी त्याला त्या रात्री दहाला झोप लागली नसती.

याचं कारण समजायला 1982 साली अलेक्झांडर बोर्बेली या संशोधकाने मांडलेली कल्पना उपयोगी पडते. झोप दोन गोष्टींवर ठरते, असं ती सांगते. पहिली म्हणजे जागरणाचा साठा. आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत झोपेची गरज साचत जाते आणि झोपल्यावर ती उतरते. अॅडेनोसिन नावाचं रसायन या साठ्याचा एक भाग आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतलं घड्याळ. किती वेळ जागे आहोत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते ठरलेल्या वेळी शरीराला जागं ठेवतं आणि ठरलेल्या वेळी हात सोडतं.

आता आपल्या माणसाचा हिशेब करा. एरवी रात्री 11 वाजता तो साडेसोळा तास जागा असतो. रविवारी दहाला उठून रात्री दहाला आडवा झाला, म्हणजे जेमतेम बारा तास झाले. त्यातले दोन दुपारच्या झोपेत गेले, त्यामुळे साठा अर्धवटच भरला आहे. घड्याळाचीही तीच तऱ्हा. कामाच्या दिवशी त्याच्या झोपेचा मध्य पहाटे पावणेतीनला येतो, तर शनिवारच्या रात्री तो पावणेसहाला आला. हा तीन तासांचा फरक, म्हणजे विमानाने तीन तास मागच्या देशात जाऊन दुसऱ्या दिवशी परत यावं तसा. संशोधक याला ‘सोशल जेटलॅग’ म्हणतात. एका रात्रीत घड्याळ पूर्ण तीन तास सरकत नाही, पण त्या दिशेला कलतं नक्की.

शिवाय नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास हे घड्याळ माणसाला उलट अधिकच तरतरीत ठेवतं. त्यामुळे ‘आज दोन तास लवकर झोपतो’ हा बेत बहुधा फसतो. बंद खोलीत, दिवसरात्रीचा पत्ता नसताना केलेल्या मोजमापांत माणसाच्या घड्याळाचा फेरा सरासरी 24 तासांहून थोडा जास्त भरतो. म्हणून बहुतेकांना उशिरा झोपणं सहज जमतं आणि लवकर झोपणं जड जातं.

यातून निघणारा पहिला उपाय झोपण्याच्या नव्हे, उठण्याच्या वेळेचा आहे. झोप हुकमाने आणता येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. आपल्या माणसाने रविवारीही साडेसहाला उठावं. फार जिवावर आलं तर साडेसात, त्याहून उशीर नको. उठल्यावर अर्धा तास तरी बाहेरच्या उजेडात काढावा, कारण सकाळचा उजेड घड्याळाची झोपेची वेळ लवकर आणतो आणि रात्री उशिराचा प्रखर उजेड ती लांबवतो. दुपारी डुलकी हवीच असेल तर तीनच्या आत, वीस मिनिटांची, तीही गजर लावून. रात्री डोळे जड झाल्यावरच अंथरुणात जावं. इथे दमणं आणि झोप येणं यांत फरक करायला हवा. दमलेला माणूस नुसता बसून राहतो. झोप आलेल्याच्या पापण्या मिटतात आणि वाचलेली ओळ त्याला पुन्हा वाचावी लागते.

चहा-कॉफीचं गणितही याच साठ्याशी जोडलेलं आहे. कॅफिन अॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. साठा तसाच राहतो, फक्त तो मेंदूला जाणवत नाही. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन अकरालाही अंगात असतं. काहींना याचा त्रास होत नाही असं वाटतं. त्यांना झोप लागतेही, पण ती उथळ होते. मी दुपारी दोननंतर बंद, असा नियम पाळतो. सुरुवातीचे चार दिवस चिडचिड झाली, हे कबूल करतो.

एवढं करूनही झोप लागली नाही तर अंथरुणात पडून राहू नये. सुमारे वीस मिनिटं झाली असं वाटलं की उठावं (घड्याळ बघू नये, ते बघण्यानेच झोप उडते), मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करावं आणि डोळे जडावले की परत जावं. रोज दोन-दोन तास तळमळलं की अंथरूण ही जागं राहण्याची जागा आहे, हे मेंदू शिकतो. सोफ्यावर पेंगणाऱ्या माणसाची झोप पलंगावर पाठ टेकताच उडते, हीच याची खूण. ही सवय मोडायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात झोप आणखी कमी झाल्यासारखी वाटते. बरेच जण नेमके तिथेच सोडून देतात. या दिवसांत पेंग येत असेल तर गाडी चालवू नये.

या उपायांना मर्यादाही आहेत. कामाच्या दिवशी पाचच तास झोपणाऱ्याचं सुट्टीच्या दिवशी जास्त झोपणं ही थकबाकी असते. त्याने ती वसूल करणं बंद करण्याआधी रोजची झोप सात तासांवर न्यायला हवी. पाळीत काम करणाऱ्यांना तर हे वेळापत्रक जसंच्या तसं लागूच पडत नाही.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नसेल किंवा मध्येच मोडत असेल, दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल आणि हे तीन महिने चाललं असेल, तर तो जुनाट निद्रानाश आहे. तिथे घरगुती उपायांवर विसंबू नये, डॉक्टरांना भेटावं. काही बाबतींत तीन महिने थांबणंही चूक ठरेल. मोठ्याने घोरताना श्वास अडतो असं घरच्यांना दिसलं, रात्री पायांत विचित्र अस्वस्थता येऊन ते हलवत राहावेसे वाटले, गाडी चालवताना डोळा लागला, किंवा मन सतत उदास राहू लागलं, तर लगेच जावं. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी. यामागे श्वसनाचा विकार, लोहाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा चालू असलेलं एखादं औषधही असू शकतं आणि त्यावर वेळापत्रक बदलून उपयोग होत नाही.

झोपेची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये आणि बराच काळ चालू असेल तर एकदम बंदही करू नये. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अनेक वैद्यकीय संस्था गोळीआधी एका विशिष्ट वर्तनोपचाराची शिफारस करतात. त्याची काही आठवड्यांची सत्रं असतात आणि वर सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी त्यात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली होतात. त्यातला अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याचा भाग अपस्मार किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी स्वतः करून बघू नये, कारण झोप तुटल्याने हे आजार उफाळू शकतात.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्यावी. अंथरुणात कधी गेलो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलो, डुलकी आणि शेवटचा चहा किती वाजता. नोंद सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहावी, रात्री मिनिटं मोजत बसू नये. आपल्या माणसाने अशी नोंद केली असती, तर बिघडलेली रात्र दर आठवड्याला एकच, रविवारची, हे पहिल्याच कागदावर दिसलं असतं.