लस दिलेल्या जागी राहिलेली गाठ: पालकांसाठी माहिती

लस देऊन तीन-चार आठवडे झालेले असतात, बाळ मजेत असतं आणि लंगोट बदलताना अचानक मांडीत वाटाण्याएवढी कडक गाठ हाताला लागते. आमच्याकडे येणाऱ्या फोनांमध्ये हा प्रश्न नेहमीचा आहे.

घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्यावरच्या एकत्रित लशीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार अगदी थोड्या प्रमाणात असतो. तो लस त्या जागी काही काळ धरून ठेवतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिकडे खेचून आणतो. तिथे जमलेल्या पेशींची ही गाठ. लस स्नायूत खोलवर न जाता वरच्या चरबीत राहिली, तर ती जास्त जाणवते. गाठ विरायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. औषध लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. दीड महिन्याच्या बाळाला डाव्या मांडीत लस दिली आणि अडीच महिन्यांच्या डोसला आई म्हणाली, "इथे गाठ आहे." आम्ही बोटाने दाबून पाहिलं. बाळ रडलं नाही, पाय आखडून घेतला नाही. वरची कातडी नेहमीच्या रंगाची, दुसऱ्या मांडीइतकीच गार. गाठ कडक, दाबल्यावर बोट आत रुतत नव्हतं. आम्ही आकार कार्डावर लिहून ठेवला आणि पुढचा डोस ठरल्या दिवशीच, उजव्या मांडीत दिला. साडेतीन महिन्यांच्या डोसला गाठ शोधावी लागली.

ती चोळू नका, शेकू नका, दाबून फोडायचा प्रयत्न तर मुळीच नको. आजी-शेजारणींचे लेपही राहू द्या. आठवड्यातून एकदा हात लावून पाहिलंत तरी पुरे. दिवसातून दहादा चाचपलं, तर ती वाढल्यासारखीच वाटते.

मात्र गाठ मोठी होत चालली, लाल किंवा गरम झाली, हात लावताच बाळ कळवळू लागलं, ती मऊ पडून आत पाणी असल्यासारखी हलू लागली, पू आला किंवा सोबत ताप असला, तर ते गळू असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नुसती कडक गाठ कित्येक महिने तशीच राहिली, तरी एकदा दाखवून घ्या. क्वचित अशा गाठीला खूप खाज सुटते आणि ती बराच काळ टिकते, तेही सांगा.

दंडावरच्या बीसीजीचा हिशेब वेगळा. तिथे काही आठवड्यांनी पुळी येणं, ती फुटून चिघळणं आणि शेवटी व्रण राहणं अपेक्षितच आहे. ती जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवा, मलम लावू नका. त्याच बाजूच्या काखेत गाठ वाढताना दिसली, तर आम्हाला दाखवा.