हिरवी टिक म्हणजे बॅकअप नव्हे

"बॅकअप रोज रात्री आपोआप होतो" म्हणत लोक स्क्रीनवरची हिरवी टिक दाखवतात. ती टिक एवढंच सांगते की प्रोग्रॅम चालून संपला. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस उडाला तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप डेटाबेसच्या व्हर्जनशी जुळत नव्हता म्हणून फेल होत होता, आणि तसं सांगणारे ईमेल पोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी एकाने वेगळ्याच कामासाठी घेतलेली कॉपी होती म्हणून निभावलं.

म्हणून बॅकअप रिस्टोअर करूनच बघायचा. आपल्याकडे टॅली धरा. बॅकअपची फाइल दुसऱ्या पीसीवर न्या आणि तिथे रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, चालू डेटाच्या फोल्डरमध्ये अजिबात नको, नाहीतर आजच्या एंट्र्यांवर जुना डेटा बसेल. मग ट्रायल बॅलन्स जुळला म्हणून खूश होऊ नका, तो महिनाभर जुन्या बॅकअपमध्येही जुळतोच! शेवटच्या व्हाउचरचा नंबर, तारीख आणि कॅशची शिल्लक त्या दिवशीच्या प्रिंटशी ताडून बघा. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा.

आता हजारो एक्सेल, पीडीएफ आणि स्कॅन. सगळ्या उघडून बघणं शक्य नाही, तिथे स्पॉट चेक, आणि यातलं गणित मला फार आवडतं. समजा ५ टक्के फाइल्स खराब आहेत. उचललेली एक फाइल चांगली निघण्याची शक्यता ०.९५, म्हणून ६० च्या ६० चांगल्या निघण्याची शक्यता ०.९५ चा ६० वा घात, म्हणजे साधारण ०.०४६. थोडक्यात ६० फाइल्स उघडल्या तर निदान एक तरी खराब फाइल सापडण्याची शक्यता ९५ टक्के, मग एकूण फाइल्स दहा हजार असोत की दहा लाख. पण हजारात एकच खराब असेल तर हेच ६० नग जेमतेम ६ टक्के वेळा पकडतील, तेव्हा "सगळं ठीक" असं यातून सिद्ध होत नाही, मोठी गडबड नाही एवढंच कळतं.

यात दोन अटी आहेत. फाइल्स मनाने निवडायच्या नाहीत, कारण हात ओळखीच्या नावांकडेच जातो, त्यामुळे यादीला एक्सेलमध्ये `=RAND()` लावून सॉर्ट करा आणि वरच्या ६० घ्या. आणि ही यादी सर्व्हरवरच्या मूळ फोल्डरची हवी, बॅकअपची नको, फाइल्स मात्र बॅकअपमधून उघडायच्या. बहुतेक जण इथेच चुकतात, नवीन आलेल्या कर्मचाऱ्याचा फोल्डर बॅकअपमध्ये घ्यायचा राहिला असेल तर तो बॅकअपच्या यादीत दिसणारच नाही ना! फाइल उघडून आत बघायचंही असतं, कारण रॅन्समवेअरने लॉक केलेली एक्सेलसुद्धा बॅकअपमध्ये इमानदारीत कॉपी होते आणि टिक हिरवीच राहते.

दसऱ्याला सर्व्हरला हार घाला, हरकत नाही, पण ड्राइव्हवर चिकटवलेल्या लिंबू-मिरचीच्या स्टिकरने फाइल उघडत नाही. "क्लाउडवर आहे, सेफ आहे" हाही त्याच जातीचा विश्वास, नुसत्या सिंकमध्ये इथे डिलीट झालेली फाइल तिथेही डिलीट होते. आणि टॅलीचा डेटा किंवा आउटलुकची पीएसटी अशा एकट्या मोठ्या फाइल्स लॉटरीवर सोडू नका, त्या दर वेळी उघडायच्याच.